खांब कुठे उभा राहतो? वारुळाच्या मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

विषय पक्का केला: वारूळ बांधणाऱ्या हजारो कामकऱ्यांना कुणी नकाशा देत नाही, कुणी हुकूम सोडत नाही, तरीही वारूळ कसं उभं राहतं. वाळवी आणि मुंग्या एकत्र मिळून वारूळ बांधत नाहीत. वाळवी झुरळाच्या कुळातली, मुंगी गांधीलमाशीच्या. दोघींची घरं वेगळी, बांधण्याची सवयही स्वतंत्रपणे आलेली, आणि समोरासमोर आल्या तर बहुतेक वेळा मुंगी वाळवीला खाते. तरीही दोघींच्या कामाची पद्धत इतकी मिळतीजुळती आहे की एका प्रकल्पात दोन्ही घ्याव्याशा वाटतात. सुरुवात वाळवीपासून.

आफ्रिकेतल्या मॅक्रोटर्मिस जातीच्या वाळवीची वारुळं पाच-सहा मीटर उंच होतात. बांधणारी कामकरी वाळवी काही मिलिमीटर लांब आणि आंधळी असते. आपण बांधतोय ते पूर्ण कसं दिसतं हे तिला कधीच कळत नाही. राणी बंद दालनात अंडी घालत पडून असते आणि बांधकामाचा एकही निर्णय घेत नाही.

अख्खं वारूळ संगणकावरच्या मॉडेलमध्ये घेणं आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून एकच टप्पा निवडला: सपाट जमिनीवर मातीचे पहिले खांब कसे उभे राहतात आणि त्यांच्यात ठरावीक अंतर कसं पडतं. कामकरी वाळवीपुढे ‘वारूळ कसं बांधायचं’ हा प्रश्नच नसतो. तिच्या जबड्यात ओल्या मातीची एक गोळी असते आणि ती इथे ठेवायची की पुढे न्यायची, एवढंच तिला ठरवायचं असतं. मॉडेलनेही तेवढंच ठरवावं.

७ ऑगस्ट

आज वाचन. पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेली कल्पना हा या विषयाचा पाया मानतात. त्याने कामकरी वाळव्यांना माती देऊन त्या काय करतात ते पाहिलं. आधी बराच वेळ गोंधळ असतो. गोळ्या इकडेतिकडे पडतात, काही परत उचलल्या जातात, कशाचा कशाला मेळ नसतो. मग एखाद्या ठिकाणी योगायोगाने चार गोळ्या जवळ पडतात आणि तिथून चित्र पालटतं. पुढच्या गोळ्या तिथेच पडू लागतात, ढीग वाढतो, खांब होतो. दोन खांब पुरेसे जवळ असले तर त्यांची टोकं एकमेकांकडे झुकून कमान होते. कामकरी फारच थोड्या असतील तर मात्र गोंधळाचा टप्पा संपतच नाही.

ग्रासेचं म्हणणं असं की कामकरी एकमेकींना काही सांगत नाहीत. झालेलं काम पुढच्या कामाला चालना देतं. याला त्याने ‘स्टिग्मर्जी’ नाव दिलं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की स्मरणशक्ती कुणाच्याही डोक्यात नाही, ती मातीत आहे. गोळी ठेवणारी निघून गेली तरी गोळी तिथेच राहते.

पण हे अजून वर्णनच झालं. गोळीतल्या नेमक्या कोणत्या गोष्टीमुळे चालना मिळते? जुनं उत्तर आहे गंध. गोळी लाळेत कालवलेली असते, त्या लाळेत फेरोमोन असतं, ते हवेत पसरतं आणि गोळी वाहणारी दुसरी कामकरी त्या वासाकडे वळते. या गृहीत द्रव्याला ‘सिमेंट फेरोमोन’ म्हणतात. १९७७ मध्ये ज्याँ-लुई दनेबूर्गने हे उत्तर गणितात मांडलं. मी तिथूनच सुरुवात करतो.

१० ऑगस्ट

मॉडेलमध्ये तीनच राशी आहेत. `C` म्हणजे त्या जागी गोळी घेऊन फिरणाऱ्या कामकऱ्यांची दाटी, `P` म्हणजे नुकतीच ठेवलेली, अजून वास सोडणारी माती आणि `H` म्हणजे हवेतला वास. ‘खांब’ ही राशीच नाही. कोडमध्ये खांबाचा उल्लेखही नसताना तो दिसायला हवा, हीच परीक्षा.

```python
def lap(a):
    return (np.roll(a,1,0) + np.roll(a,-1,0)
          + np.roll(a,1,1) + np.roll(a,-1,1) - 4*a)

def drift(C, H):
    out = np.zeros_like(C)
    for ax in (0, 1):
        f = 0.5*(C + np.roll(C,-1,ax))*(np.roll(H,-1,ax) - H)
        out += f - np.roll(f,1,ax)
    return out

C += dt*(phi - k1*C + DC*lap(C) - g*drift(C,H))
P += dt*(k1*C - k2*P)
H += dt*(k2*P - k4*H + DH*lap(H))
```

`lap` पसरणं मोजतं, `drift` वासाकडे सरकणं. शेवटच्या तीन ओळींतली पहिली कामकऱ्यांची. `phi` या दराने त्या गोळी घेऊन मैदानात उतरतात, `k1` या दराने गोळी टाकून मोकळ्या होतात, `DC` हे त्यांचं दिशाहीन भटकणं आणि `g` ही वासाकडे वळण्याची ओढ. दुसऱ्या ओळीत टाकलेली माती `k2` दराने निर्गंध होते. तिसऱ्या ओळीत वास पसरतो (`DH`) आणि विरतो (`k4`).

मैदान १०० × १०० घरांचं, कडा एकमेकींना जोडलेल्या. आकडे असे: `DC = 1`, `k1 = 0.0625`, `DH = 0.05`, `k4 = 0.05`, `g = 10`. हे आकडे प्रत्यक्ष वाळवीचे नाहीत, हिशोब सोपा व्हावा म्हणून निवडलेत. सुरुवातीला सगळीकडे सारखी दाटी आणि वर किंचित यादृच्छिक चढउतार.

कोड खरं बोलतोय की नाही हे तपासायला एक सोपी खूण आहे. वासाची ओढ कामकऱ्यांना इकडून तिकडे नेते, त्यांची एकूण संख्या बदलत नाही. त्यामुळे खांब झाले काय किंवा न झाले काय, स्थिरावल्यावर `C` ची बेरीज `phi × 10000 / k1` एवढीच यायला हवी. `phi = 0.009` असेल तर १४४०. बेरीज चुकली तर ओढीच्या पदात गडबड आहे. बेरीज बरोबर असून एखाद्या घरात `C` ऋण झाला तर `dt`, म्हणजे वेळेचं पाऊल, फार मोठं आहे, आणि मग पडद्यावर कितीही सुंदर खांब दिसले तरी ते टाकून द्यायचे.

१३ ऑगस्ट

`phi = 0.007` ठेवलं, म्हणजे दर वेळ-एककाला मैदानभर ७० कामकरी उतरतात. सुरुवातीचे चढउतार हळूहळू पुसले गेले आणि मैदान सपाट झालं. `phi = 0.009` केलं, म्हणजे ९०. बराच काळ काही होत नाही असं वाटतं, मग डाग उमटतात आणि त्यातले काही ठळक होत जातात. नियम तेच, कामकऱ्या तशाच, फक्त थोड्या जास्त.

कारण कागदावर काढता येतं. एखाद्या जागी चार गोळ्या जास्त पडल्या की तिथे वास वाढतो, वासाने कामकरी येतात, त्या आणखी गोळ्या टाकतात. ही चढती साखळी. तिच्याविरुद्ध दोन गळत्या आहेत. वास विरतो आणि पसरून पातळ होतो, ही एक. कामकरी भटकत दुसरीकडे निघून जातात, ही दुसरी. साखळी गळतीपेक्षा जोरात चालली तरच ढीग वाढतो. समीकरणांवरून तो उंबरठा असा निघतो:

`phi_c = (sqrt(k1*DH) + sqrt(k4*DC))**2 / g`

माझ्या आकड्यांनी पहिलं मूळ 0.056, दुसरं 0.224, बेरीज 0.28, तिचा वर्ग 0.078, भागिले १०, म्हणजे 0.0078. ७० खाली, ९० वर. ग्रासेने पाहिलेल्या दोन टप्प्यांमधली सीमा हीच असावी. थोड्या कामकरी आळशी असतात म्हणून बांधत नाहीत असं नाही. पुढची गोळी येईपर्यंत आधीच्या गोळीची खूणच पुसली जाते.

सूत्रात `k2` नाही हेही पाहून ठेवलं. माती किती लवकर निर्गंध होते यावर खांब होणार की नाही हे ठरत नाही, फक्त किती वेळ लागेल हे बदलतं. हे मला अपेक्षित नव्हतं.

१८ ऑगस्ट

आता अंतर. ठळक डागांमधलं अंतर साधारण साडेबारा घरं येतंय. खांब नेमके कुठे पडतील हे दर वेळी वेगळं असतं, कारण सुरुवातीचे चढउतार वेगळे असतात. अंतर मात्र तेच. म्हणजे जागा योगायोग ठरवतो आणि अंतर नियम ठरवतात.

हे अंतर दोन लांब्यांमधून येतं. गोळी टाकण्याआधी कामकरी सरासरी किती भटकते ही पहिली लांबी: `sqrt(DC/k1)`, म्हणजे ४ घरं. वास विरण्याआधी किती दूर जातो ही दुसरी: `sqrt(DH/k4)`, म्हणजे १ घर. दोघींच्या गुणाकाराचं वर्गमूळ २, त्याला 2π ने गुणलं की 12.6. दोन खांब याहून फार जवळ असले तर दोघे एकाच टापूतल्या कामकऱ्यांवर जगतात आणि त्यातला मोठा धाकट्याला उपाशी मारतो. फार दूर असले तर मधल्या जागेतल्या कामकऱ्यांना कुणाचाच वास पोहोचत नाही, त्या तिथेच गोळ्या टाकतात आणि मधे नवा खांब उगवतो. अंतर मोजणारं कुणी नाही, पण फार जवळचा खांब मरतो आणि फार लांबच्या जागेत नवा जन्मतो.

मग वास चौपट टिकाऊ केला, `k4 = 0.0125`. वासाची लांबी २ घरं झाली आणि अंतर हिशोबाने 17.8 यायला हवं. तुलना करताना एक पथ्य आहे. वास टिकाऊ झाला की उंबरठाही खाली येतो, 0.0078 वरून 0.0028 वर. `phi` जुनाच ठेवला तर आपण उंबरठ्याच्या तिप्पट वर असतो आणि तिथे हे सूत्र लागू पडत नाही, डाग जास्त दाटीने येतात. म्हणून `phi` उतरवून उंबरठ्याच्या किंचित वर आणला. अंतर अठराच्या आसपास आलं. १०० घरांच्या मैदानात लहरी पूर्ण संख्येतच बसतात, त्यामुळे दशांशाला काही अर्थ नाही.

२२ ऑगस्ट

‘मग राणीचं काय?’ हा प्रश्न प्रकल्प दाखवला की प्रत्येक जण विचारतो. उत्तर आज वाचलं आणि ते मजेदार आहे. ब्रुइन्स्मा या डच संशोधकाने १९७९ च्या प्रबंधात मॅक्रोटर्मिस सबहायलिनस या जातीचं राजदालन कसं बनतं ते तपासलं. राणीच्या शरीरातून गंध निघतो आणि दूर जाताना विरळ होत जातो. राणीच्या फार जवळ, जिथे गंध तीव्र असतो, तिथे कामकरी गोळ्या ठेवत नाहीत. फार दूरही नाहीत. मधल्या एका पट्ट्यात ठेवतात. त्यामुळे राणीभोवती तिच्या मापाची भिंत होते. पुढे राणी फुगत गेली की गंधाचा पट्टा बाहेर सरकतो आणि भिंतही नव्याने बाहेर बांधली जाते.

म्हणजे राणीचा बांधकामाशी संबंध आहे, पण तो शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्याचा असतो तसा. कपडा तिच्या मापाने बेतला जातो, बेतणारी ती नाही.

मॉडेलमध्ये हे टाकणं सोपं गेलं. मैदानाच्या मधोमध एक कायमचा गंधस्रोत ठेवला आणि `k1` त्या गंधावर अवलंबून ठेवला: मधल्या तीव्रतेला जास्त, दोन्ही टोकांना कमी. खांबांची वर्तुळाकार रांग आली. लक्षात घेण्यासारखं म्हणजे ती सलग भिंत नाही, खांबांचीच रांग आहे. राणीचा गंध पट्टा ठरवतो आणि पट्ट्याच्या आत आधीचीच साखळी अंतर पाडते.

२९ ऑगस्ट

कीटकशास्त्र शिकणाऱ्या मैत्रिणीला चित्रं पाठवली होती. तिचा फोन आला. ‘छान दिसतायत रे, पण सिमेंट फेरोमोन कुणी वेगळं काढून दाखवलंय का, ते आधी बघ. आणि तुझ्या वाळव्या माती आणतात कुठून?’

दुसरा प्रश्न बोचला. माझ्या कोडमध्ये माती `phi` नावाच्या आकाशातून पडते. खऱ्या वाळवीला ती खणावी लागते.

तिने सांगितलेला २०१७ चा अभ्यास वाचला. ग्रीन, बार्डुनियास, टर्नर, नागपाल आणि वर्फेल यांनी मॅक्रोटर्मिसच्या कामकऱ्यांना मातीवर सोडून सुरुवातीचं बांधकाम बारकाईने टिपलं. त्यांना दिसलं ते असं: एक खणायला लागली की इतर तिथे जमतात आणि खणू लागतात, आणि माती त्या खणण्याच्या जागेच्या आसपासच टाकली जाते. कामाला आकार देते ती खणण्याची जागा. टाकलेल्या गोळीतलं खास गंधद्रव्य गृहीत न धरताही निरीक्षणं समजावता येतात.

याने ग्रासे खोटा ठरत नाही. झालेलं काम पुढच्या कामाला चालना देतं हे तसंच आहे. खड्डा हेही झालेलं कामच. फक्त खूण कोणती, हे पुन्हा खुलं झालं.

२ सप्टेंबर

खुणेचा आणखी एक उमेदवार: आकार. २०१९ मध्ये कालोवी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मॅक्रोटर्मिसच्या सुरुवातीच्या हालचाली जमिनीच्या वक्रतेशी जुळतात. सपाट जागेपेक्षा वळणाच्या जागी काम जास्त होतं.

मग वासाच्या तिन्ही ओळी बाजूला ठेवून नवं मॉडेल लिहिलं. यात एकच राशी, मातीची उंची `h`. नियम असा: जिथे पृष्ठभाग बाहेर फुगलेला, तिथे माती जास्त पडते, आणि किती जास्त ते `a` ठरवतो.

```python
h += dt*(-a*lap(h))
```

चालवलं आणि पडद्यावर बुद्धिबळाचा पट आला. एक घर वर, शेजारचं खाली. याला खांब म्हणता येणार नाही. नियमात कुठलीही लांबी नाही, त्यामुळे जितका बारीक फुगवटा तितका तो जोरात वाढतो, आणि माझ्या मैदानात सर्वांत बारीक असतं ते एक घर. हे ओळखायची चाचणी अशी: घरांचा आकार निम्मा करायचा. नक्षीचं अंतरही निम्मं झालं तर ती नक्षी ग्रिडची आहे, वाळवीची नाही.

खऱ्या वाळवीला बारीक फुगवट्यांची मर्यादा असणारच. गोळीपेक्षा लहान उंचवटा बांधता येत नाही आणि स्वतःच्या डोक्यापेक्षा फार लहान वळण कळण्याचा संभव नाही. म्हणून बारीक चढउतार पुसणारं दुसरं पद जोडलं:

```python
h += dt*(-a*lap(h) - b*lap(lap(h)))
```

यात सर्वांत वेगाने वाढणारं अंतर `2π*sqrt(2*b/a)` येतं. घरांचा आकार बदलून पाहिला, अंतर हललं नाही. म्हणजे आता हे अंतर नियमाचं आहे. हे मॉडेल फक्त सुरुवात दाखवतं, कारण वाढ कुठे थांबायची हे त्यात नाही आणि उंची बेलगाम वाढत जाते. डाग स्पष्ट झाले की थांबवतो.

५ सप्टेंबर

मुद्दाम `a = 1`, `b = 2` घेतलं. अंतर 12.6 घरं. पहिल्या मॉडेलचंच.

दोन चित्रं शेजारी ठेवली. एकात वास आहे आणि आकाराला काही महत्त्व नाही. दुसऱ्यात आकार आहे आणि वास नाहीच. सुरुवातीचे डाग पाहून कोणतं कुठलं हे मला सांगता येत नाही, आणि ती माझीच चित्रं आहेत. ‘मॉडेलमध्ये खऱ्यासारखे खांब आले, म्हणून वाळवी असंच करते’ हा युक्तिवाद इथे संपला. खांब आले यातून एवढंच कळतं की चढती साखळी आहे आणि तिला एक लांबी आहे. नकाशा आणि मुकादम लागत नाही हे दोन्ही मॉडेलं दाखवतात. खूण कोणती हे दोन्ही दाखवत नाहीत.

वेगळं करायचं तर जिथे दोन्ही खुणा एकमेकींविरुद्ध जातात अशी परिस्थिती हवी. एक उंच, टोकदार खांब, पण त्याला कोणत्याही वाळवीने हात लावलेला नाही. शेजारी ताज्या गोळ्यांचा पसरट थर. वासाचं मॉडेल म्हणतं माती थरावर पडेल. आकाराचं म्हणतं टोकावर.

९ सप्टेंबर

यातला निम्मा प्रयोग झालेला आहे. फाकिनी, पेर्ना आणि सहकाऱ्यांचा २०२४ चा अभ्यास, कॉप्टोटर्मिस गेस्ट्रॉय या वाळवीवर. त्यांनी मातीचे छोटे खांब आणि एक भिंत स्वतः घडवून ठेवली आणि वाळव्यांना सोडलं. वाळव्यांनी माती खांबांच्या टोकांवर आणि भिंतीच्या कडा-कोपऱ्यांवर टाकली. त्या टोकांवर आधी कुणाचीच लाळ नव्हती.

पण आंधळ्या कामकरीला टोक कळतं कसं? त्यांचं उत्तर आहे बाष्पीभवन. ओल्या मातीतून पाणी उडतं ते सगळीकडे सारखं नाही. खोबणीत दमट हवा अडकून राहते. टोकावर चारही बाजूंनी कोरडी हवा भिडते, म्हणून तिथून पाणी जोरात जातं. वाळवीची कातडी पातळ आणि ती ओलीवर जगणारी, त्यामुळे दमटपणातला बदल तिला जाणवणं नैसर्गिक आहे. हे तपासायला त्यांनी केलेली युक्ती मला फार आवडली: तसेच खांब आणि भिंत क्षाराच्या द्रावणाने भिजवून वाळू दिले. पाणी जिथे जास्त उडतं तिथे क्षाराचे कण साचतात. कण साचले त्याच टोकांवर आणि कडांवर, जिथे वाळव्यांनी माती टाकली होती. क्षाराला ना वास कळतो ना बांधकाम.

म्हणजे साखळी अशी: खांब थोडा वर येतो, टोक कोरड्या हवेत घुसतं, बाष्पीभवन वाढतं, गोळी तिथे पडते, खांब आणखी वर येतो. गोळी ओलीच असते, त्यामुळे उडायला पाणीही तीच आणते. माझ्या `a` ला आता भौतिक अर्थ मिळाला. आणि एक भाकीतही: भांड्यातली हवा पूर्ण दमट केली तर टोकांची ही पसंती जायला हवी.

सगळ्या वाळव्यांना हे लागू आहे असं मी धरत नाही. कॉप्टोटर्मिस लाकडात आणि जमिनीखाली राहणारी, मॅक्रोटर्मिस बुरशीची शेती करणारी. एकाच कामाच्या दोन खुणा एकाच वेळी चालू असणंही अगदी शक्य आहे.

१४ सप्टेंबर

मुंग्यांकडे आलो आणि इथे गंध परत आला. २०१६ मध्ये खुआँग, तेरोला आणि सहकाऱ्यांनी लेसियस नायगर या काळ्या मुंगीचं बांधकाम मोजलं. ही मुंगी मातीच्या गोळ्यांचे खांब उभारते आणि त्यांवर छत घालते, मग छतावर पुढचा मजला. त्यांच्या निष्कर्षानुसार मुंग्या बांधकामाच्या मातीत फेरोमोन मिसळतात आणि ते किती काळ टिकतं यावर घरट्याचा आकार बराच अवलंबून असतो. तापमान आणि कोरडेपणा बदलला की फेरोमोनचं आयुष्य बदलतं आणि त्याच मुंग्या वेगळ्या घडणीचं घरटं बांधतात. १८ ऑगस्टच्या नोंदीत मी `k4` फिरवून पाहिलं, इथे हवामान तो फिरवतं.

छताचा नियम तर आणखी साधा. खांब मुंगीच्या शरीराएवढ्या उंचीला आला की मुंग्या गोळ्या वर ठेवायच्या ऐवजी बाजूला ठेवू लागतात. खांबाला टोपी येते, शेजारच्या टोप्या भेटतात, छत होतं. मजल्याची उंची मुंगीला मोजावी लागत नाही, ती स्वतःच मोजपट्टी आहे. वाळवीच्या दालनाचं माप राणीच्या शरीराचं होतं, मुंगीच्या मजल्याचं माप कामकरीच्या शरीराचं.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे तुझी दोन्ही मॉडेलं बरोबर, फक्त वेगवेगळ्या घरी.’ इतकं सरळ मला वाटत नाही, पण तिला खोडून काढायला माझ्याकडे आज काही नाही.

२१ सप्टेंबर

खांबापासून पाच मीटरच्या वारुळापर्यंतची उडी माझ्या कोडच्या बाहेरची आहे, पण ती कशाने होत असेल याचा धागा टिपून ठेवतो. २०१५ मध्ये किंग, ऑको आणि महादेवन यांनी ओडोन्टोटर्मिस ओबेससच्या वारुळात हवा कशी फिरते ते मोजलं. दिवसा बाहेरच्या पातळ भिंती गाभ्यापेक्षा लवकर तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधून खाली येते. रात्री उलट होतं. साठलेला कार्बन डायऑक्साइड या फेऱ्यामुळे बाहेर पडतो. २०१९ मध्ये ऑको, हाइड आणि महादेवन यांनी याची दुसरी बाजू जोडली: भिंती हवेचा प्रवाह ठरवतात, प्रवाह गंध वाहून नेतो, गंधामुळे कामकरी माती हलवतात आणि भिंती बदलतात. माझ्या खांबाची साखळी होती तीच, फक्त अख्ख्या वारुळाच्या मापाची. तिथे लांबी ठरवणारी गोष्ट वास विरण्याचा वेग नाही, हवा आणि ऊन आहे.

पण मोठा ढीग म्हणजे घरच असं नाही. ईशान्य ब्राझीलमध्ये सिंटर्मिस डायरस या वाळवीचे सुमारे २० कोटी ढीग आहेत. प्रत्येक साधारण अडीच मीटर उंच, नऊ मीटर रुंद, एकमेकांपासून वीसेक मीटरवर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनात त्यातले काही सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचे निघाले. त्यांच्या आत घरटं नाही, दालनं नाहीत. जमिनीखाली भुयारं खणताना निघालेली माती वर टाकण्याची ती जागा. २०१७ च्या खणण्याच्या अभ्यासाशी हे वाचून पाहावं: इथे तर बांधायचं काही नव्हतंच, नुसती माती टाकायची होती, आणि तरी आकारही सारखे आणि अंतरंही.

२५ सप्टेंबर

पुढचं काम ठरवलं. आकाशातून पडणारा `phi` काढून टाकायचा. त्याजागी खड्ड्याची खोली ही नवी राशी येईल. खणण्याचा दर जवळच्या ताज्या खड्ड्यांबरोबर वाढेल आणि उचललेली माती थोड्या अंतरात टाकावीच लागेल. यामुळे मातीचा हिशोब बंद होईल: उंची आणि जबड्यांतली माती यांची बेरीज वजा खोलीची बेरीज कायम सुरुवातीएवढीच, आणि ती नवी तपासणी.

मग दोन्ही खुणा एकाच कोडमध्ये, प्रत्येकीला वेगळा गुणक. एक शून्य केला की शुद्ध वास, दुसरा शून्य केला की शुद्ध आकार. सुरुवातीची स्थिती ५ सप्टेंबरच्या नोंदीतली: एका बाजूला न शिवलेला टोकदार खांब, दुसऱ्या बाजूला ताज्या गोळ्यांचा पसरट थर. गुणक फिरवत न्यायचे आणि माती थरावरून टोकाकडे कुठल्या प्रमाणाला वळते ते पाहायचं. हा बदल हळूहळू होतो की एका ठिकाणी अचानक, याचा अंदाज मला आज बांधता येत नाही. अचानक असेल तर ते प्रमाण मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत, हवेचा दमटपणा कमी-जास्त करून, तपासण्यासारखं आहे.